वाक्याचा शेवट कुणासाठी?

जपानी व्यावसायिक ईमेलमध्ये एक दोष असा असतो की वाक्यं सुटी सुटी तपासली तर तो हाती लागत नाही, पण जपानी वाचकाला दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच खटकतो. पहिलं वाक्य अतिशय अदबीचं असतं, पुढचं एखाद्या मित्राला लिहावं तसं, त्यानंतरचं पुन्हा इतकं नम्र की तसं बोलताना माणूस कमरेत वाकेल. शब्द ओळखीचे, क्रियापदं बरोबर, मजकूरही नेमका. तरी सगळं मिळून वाचताना आपल्याशी नक्की कोण बोलतंय, हेच वाचणाऱ्याला कळत नाही. पुण्यात आणि चाकणला जपानी कंपन्यांशी रोजचा पत्रव्यवहार करणारे अनेक मराठी इंजिनिअर या अडचणीतून जातात. त्यावर त्यांना सहसा एकच सल्ला मिळतो: केइगो, म्हणजे आदरार्थी भाषा, आणखी वापरा.

हा सल्ला चुकीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. असं पत्र आदर कमी पडल्यामुळे बिघडत नाही. दोन वेगळे आदर एकच समजल्यामुळे ते बिघडतं. त्यात आणखी आदरार्थी रूपं ओतली की उंच वाक्यं आणखी उंच होतात, खालची तिथेच राहतात आणि दोहोंमधली दरी रुंदावते.

हे दोन आदर मराठीच्या अंगानं समजून घेणं सोपं जातं, कारण त्यांतला एक आपल्याकडे पुरेपूर आहे. ‘साहेब आले’ आणि ‘शिपाई आला’ यांत क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं. ज्याच्याविषयी बोलतो त्याचा मान आपण रूपातून दाखवतो. ऐकणाऱ्यालाच उद्देशून बोलत असू तर ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांतून निवड करतो, पण तिथेही ऐकणारा वाक्यात कर्ता किंवा कर्म म्हणून हजर असतो. ‘आज शनिवार आहे’ या वाक्यात मात्र तो कुठेच नाही. म्हणून हे वाक्य आपण पाच वर्षांच्या मुलीला, मुख्याध्यापकांना आणि बँकेच्या मॅनेजरना अगदी एकाच रूपात सांगतो. फार तर सुरुवातीला ‘अगं’ किंवा ‘अहो’ लावतो. ते लावलंच पाहिजे असं नाही, आणि लावलं तरी क्रियापदाला त्याची खबर नसते.

जपानीत हेच वाक्य निवड केल्याशिवाय उच्चारता येत नाही. ‘क्यो वा दोयोबि दा’, ‘क्यो वा दोयोबि देसु’ आणि ‘क्यो वा दोयोबि दे गोझाइमासु’ या तिन्हींचा अर्थ ‘आज शनिवार आहे’ एवढाच. पहिलं घरच्या माणसाला, दुसरं परक्याला किंवा वरिष्ठाला, तिसरं मोठ्या दुकानातल्या विक्रेत्यानं गिऱ्हाइकाला म्हणावं असं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस योशिको मात्सुमोतो या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी नेमकं हेच उदाहरण घेऊन पाश्चात्त्य सौजन्यसिद्धान्ताला प्रश्न विचारला. त्या सिद्धान्ताप्रमाणे काही मागायचं असेल, नकार द्यायचा असेल, समोरच्याला काही टोचणार असेल, तेव्हा माणूस भाषा मऊ करतो. पण शनिवारच्या या बातमीत टोचण्यासारखं काय आहे? तरीही बोलणाऱ्याला आपलं आणि ऐकणाऱ्याचं नातं वाक्याच्या शेवटी नोंदवावंच लागतं. ‘देसु’ आणि ‘मासु’ ही त्या नोंदीची रूपं आहेत. वाक्य कुणाविषयी आहे याच्याशी त्यांचा संबंध नाही, ते कुणाला सांगितलं जातंय याच्याशी आहे.

म्हणजे जपानीत ‘येणं’ या एका क्रियेला चार कोपरे आहेत. ‘कुरु’ हे साधं रूप. त्यात येणाऱ्याला मान नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही. ‘किमासु’ ऐकणाऱ्याला मान देतं, येणाऱ्याला नाही. ‘इराश्शाइमासु’ दोघांनाही देतं. चौथा कोपरा ‘इराश्शारु’. यात येणाऱ्याला भरपूर मान आहे, ऐकणाऱ्याला काहीच नाही. दोन सहकारी कॉफी पिता पिता ‘अध्यक्ष उद्या येणार आहेत का?’ असं एकमेकांना विचारतात, तेव्हा या चौथ्या कोपऱ्यातलं रूप अगदी नैसर्गिक असतं: अध्यक्षांचा मान राखला, मित्राशी मोकळेपणही राखलं.

मराठी माणूस घसरतो तो याच कोपऱ्यात. त्याच्या कानाला ‘इराश्शारु’ म्हणजे ‘येणार आहेत’. आपल्या भाषेत एवढ्यानं आदराचं काम पुरं झालं, म्हणून तो तिथेच थांबतो. ग्राहक कंपनीच्या अधिकाऱ्याला ‘आपले अध्यक्ष येणार असल्याचं ऐकलं’ असं लिहिताना तो ‘इराश्शारु तो किइता’ असा शेवट करतो. अध्यक्षांना मान मिळाला. पत्र वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ‘किइता’ हे मित्राला वापरायचं रूप मिळालं.

ही गल्लत पक्की होण्यात शिकवण्याच्या क्रमाचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘मिन्ना नो निहोन्गो’ या पाठ्यपुस्तकात पहिल्या धड्यांपासून ‘देसु-मासु’ असतं. मित्रांशी बोलायची साधी शैली विसाव्या धड्यात येते. समोरच्याची कृती उंचावणारी रूपं एकोणपन्नासाव्या धड्यात आणि स्वतःची कृती खाली आणणारी रूपं पन्नासाव्या, म्हणजे प्राथमिक भागाच्या अगदी शेवटच्या धड्यात. शिकवण्याच्या सोयीसाठी हा क्रम ठीक आहे. पण विद्यार्थ्याच्या मनात त्याचा एक जिना तयार होतो: तळाला साधं, मध्ये ‘मासु’, माथ्यावर केइगो. एकदा हा जिना मनात बसला की केइगोचं क्रियापद वापरलं म्हणजे आपण ‘मासु’च्याही वर पोचलो, आता ‘मासु’ची गरज काय, असं वाटणं स्वाभाविकच आहे. वास्तविक इथे जिना नाहीच. एकमेकांना काटकोनात छेदणारे दोन रस्ते आहेत, आणि दोन्हींवर आपण कुठे उभे आहोत ते प्रत्येक वाक्यात वेगवेगळं ठरवावं लागतं.

परीक्षाही ही चूक उघडी पाडत नाही. जपानी भाषेची जी परीक्षा आपल्याकडे नोकरीसाठी पाहिली जाते, तिच्या एन-५ पासून एन-१ पर्यंत कुठल्याच पातळीवर लिहिण्याची किंवा बोलण्याची चाचणी नसते. सगळे प्रश्न पर्याय निवडण्याचे. त्यामुळे एन-२ चं प्रमाणपत्र हातात असलेल्या माणसानं आयुष्यात एकही पत्र स्वतः रचलेलं नाही, असं सहज घडू शकतं. चार पर्यायांतून बरोबर रूप ओळखणं आणि कोऱ्या पडद्यावर सात वाक्यं एका सुरात लिहिणं यांत फार अंतर आहे.

आता प्रत्यक्ष एक पत्र घेऊ. ते मी या चर्चेसाठी रचलं आहे, त्यातली नावंही कल्पित आहेत. चुका मात्र नेहमी भेटणाऱ्याच आहेत. सुटे भाग पुरवणाऱ्या भारतीय कंपनीतला एक इंजिनिअर जपानी ग्राहक कंपनीच्या सातो नावाच्या विभागप्रमुखांना लिहितो आहे. ड्रॉइंगमधलं एक माप चुकलं आहे आणि मागितलेला टॉलरन्स यंत्रावर गाठणं कठीण आहे, एवढंच त्याला कळवायचं आहे.

‘इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमासु. किनो, झुमेन नि त्सुइते मेरु ओ ओकुत्ता गा, गोरान नि नारिमाशिता का. हेइशा नो बुचो नो जोशी-सामा मो, सुन्पो गा इक्काशो चिगाउ तो ओश्शात्ते इमाशिता. वाताशि मो सो ओमोउ. सेन्जित्सु सातो-सामा गा मोसारेता कोसा देवा, काको गा मुझुकाशी. गो-काकुनिन शिते इतादाकेमासु तो साइवाइ नि झोन्जिमासु. योरोशिकु ओनेगाइ इताशिमासु.’

मराठीत याचा आशय असा: आपलं नेहमीच सहकार्य लाभतं. काल ड्रॉइंगबद्दल मेल पाठवला, तो पाहिलात का? आमचे विभागप्रमुख जोशी हेही म्हणत होते की एक माप चुकलं आहे. मलाही तसंच वाटतं. परवा आपण जो टॉलरन्स सांगितलात त्यात यंत्रकाम कठीण आहे. आपण तपासून पाहिलंत तर आनंद होईल. कृपा असावी.

या पत्रात उंच ओळी कोणत्या, ते आधी पाहा: पहिली आणि शेवटच्या दोन. जपानी कार्यालयातल्या जवळजवळ प्रत्येक बाहेरच्या पत्रात या ठरीव ओळी असतात आणि नवा माणूस त्या जुन्या मेलमधून उचलतो. मधल्या ओळी, जिथे खरी बातमी आहे, त्या मात्र त्याच्या स्वतःच्या असतात. म्हणूनच शैली नेमकी ठरीव मजकूर संपून स्वतःचा सुरू होतो त्या शिवणीवर उसवते. आपल्या जुन्या पत्रांतही ‘सा. न. वि. वि.’ असा ठरीव प्रारंभ असे आणि पुढे सरळ साधा मजकूर. तिथे शिवण दिसत नसे, कारण मराठी क्रियापद पत्र वाचणाऱ्याची नोंद ठेवत नाही. जपानी क्रियापद ती ठेवतं, आणि शिवण उघडी पडते.

यातली सगळ्यात जड चूक ‘सो ओमोउ’ ही आहे. मराठीत ‘मलाही तसंच वाटतं’ हे कुणालाही म्हणता येतं. जपानीत ग्राहकाला लिहिलेल्या पत्रात ‘ओमोउ’ असा उघडा शेवट आला की वाचणाऱ्यासमोर तीन अर्थ उभे राहतात: लिहिणारा स्वतःशीच बोलतो आहे, किंवा तो मला आपल्या हाताखालचा समजतो, किंवा चिडल्यामुळे त्यानं रीत सोडली आहे. नाव परदेशी असेल तर समंजस वाचक चौथा अर्थ घेतो, की याला अजून भाषा नीट येत नाही. यात अपमान टळतो, पण दुसरं नुकसान होतं. भाषा न येणाऱ्याचं मापाविषयीचं म्हणणंही थोडं हलक्या हातानं घेतलं जातं, आणि पत्रातली महत्त्वाची गोष्ट तर तीच होती. ‘मुझुकाशी’चंही तेच. ते विशेषण असल्यामुळे क्रियापदासारखं डोळ्यांत भरत नाही, आणि ‘कठीण’ एवढंच लिहून लिहिणारा पुढे जातो. ‘मुझुकाशी देसु’ म्हटलं की काम झालं.

जोशींच्या वाक्यातली चूक वेगळ्या जातीची आहे. शेवटाला ‘इमाशिता’ आहे, म्हणजे वाचणाऱ्याची नोंद बरोबर झाली. चूक दुसऱ्या रस्त्यावर आहे. जपानीत बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या कंपनीची सगळी माणसं, अगदी अध्यक्षसुद्धा, ‘आपल्यातली’ ठरतात आणि त्यांची कृती खाली आणणारी रूपं लागतात. ‘सामा’, ‘सान’ काहीच लावायचं नाही. ‘जोशी मो मोशिते ओरिमासु’. मराठी मनाला हे पटायला फार जड जातं. आपण परक्यापुढेही ‘आमचे साहेब म्हणाले’ असंच म्हणतो, आणि ‘जोशी म्हणाला’ असं लिहिणं म्हणजे साहेबांचा उघड अवमान वाटतो. पण जपानी वाचकाला जोशींचं हे उंचावणं आपल्याला खाली ढकलल्यासारखं वाटतं, कारण त्याच्या पत्रात त्याच्यापुढे तुमच्या घरच्या माणसाची आरती चालली आहे.

‘मोसारेता’ ही चूक मला सर्वांत शिकवण्याजोगी वाटते. ‘मोसु’ हे स्वतःचं बोलणं खाली आणणारं क्रियापद. त्याला ‘-रेता’ हा मान देणारा प्रत्यय जोडला, की सातोंना आधी खाली बसवून मग उठवल्यासारखं होतं. लिहिणाऱ्यानं आदर कमी केलेला नाही, उलट दोनदा केला आहे, पण पहिला उलट्या दिशेचा आहे. शेवटून दुसऱ्या ओळीतलं ‘गो-काकुनिन शिते’ याच घराण्यातलं. ‘गो-काकुनिन सुरु’ म्हणजे ‘मी आपल्यासाठी नम्रपणे तपासतो’. त्याला ‘इतादाकु’ लावून सातोंना तपासायला सांगितलं, तर नम्र व्हायचं काम सातोंच्या गळ्यात पडतं. ‘काकुनिन शिते इतादाकु’ चालतं, ‘गो-काकुनिन इतादाकु’ही चालतं. ‘गो’ आणि ‘शिते’ दोन्ही एकत्र आले की बिघडतं. आणि हा बिघाड आदर वाढवण्याच्या धडपडीतूनच येतो, म्हणूनच ‘आणखी केइगो वापरा’ हा सल्ला मला घातक वाटतो.

उरली दुसरी ओळ: ‘ओकुत्ता गा’. इथे थोडं थांबायला हवं, कारण ‘साधं रूप दिसलं की चूक’ असा सोपा नियम करणारे शिक्षक याच ठिकाणी विद्यार्थ्याला भलत्या वाटेला लावतात. तिसऱ्या ओळीत ‘चिगाउ तो’ आहे, तेही साधं रूप, आणि ते पूर्ण बरोबर आहे. तिथे ‘चिगाइमासु तो’ केलं तर उलट वाक्य अवघडतं. दुरुस्त केलेल्या पाचव्या ओळीत ‘सातो-सामा गा ओश्शात्ता कोसा’ असं येईल. ‘ओश्शात्ता’लाही ‘मासु’ नाही, आणि तरी ते निर्दोष आहे. मग ‘ओकुत्ता गा’ का खटकतं?

फुजिओ मिनामी या भाषाशास्त्रज्ञानं १९७४ साली जपानी उपवाक्यांची जी उतरंड मांडली, तिच्यात याचं उत्तर आहे. काही उपवाक्यं मुख्य वाक्यात पूर्ण विरघळलेली असतात. नामाला विशेषण म्हणून लागलेलं उपवाक्य, म्हणजे ‘आपण सांगितलेला टॉलरन्स’ यातलं ‘आपण सांगितलेला’, हे नामाचा भाग होऊन बसतं आणि ऐकणाऱ्याशी स्वतंत्रपणे बोलत नाही. ‘माप चुकलं आहे असं’ यातला मजकूरही दुसऱ्याच्या बोलण्यात गुंडाळलेला असतो. याउलट ‘गा’, ‘केरेदो’, ‘कारा’ यांनी संपणारी उपवाक्यं जवळजवळ स्वतंत्र वाक्यं असतात. ‘मेल पाठवला होता, पण…’ हे ऐकणाऱ्याला उद्देशून केलेलं अर्धं विधान असतं. त्याचा शेवटही खरा शेवट असतो आणि तिथे वाचणाऱ्याची नोंद लागते: ‘ओओकुरि शिमाशिता गा’. ‘नोदे’ हे कारण दाखवणारं अव्यय या दोहोंच्या मध्ये येतं. ‘ओकुत्ता नोदे’ चालून जातं, पण व्यावसायिक पत्रात ‘ओकुरिमाशिता नोदे’ अधिक शोभतं. म्हणून तपासायचं ते इतकंच: हा तुकडा वाचणाऱ्याशी थेट बोलतो की मोठ्या वाक्याच्या पोटात आहे? थेट बोलत असेल तर ‘मासु’ हवं, पोटात असेल तर नको.

पोटातही ‘मासु’ घालणारं एक अतिसभ्य वळण आहे. ‘ओओकुरि इतादाकिमाशिता शिर्यो’, म्हणजे ‘आपण पाठवलेलं साहित्य’. जपानी कंपन्यांच्या पत्रांत ते दिसतं आणि चूक मानलं जात नाही. परक्या माणसानं मात्र त्याच्या नादी लागू नये. एकदा एका ठिकाणी केलं की सगळीकडे करावं लागतं, नाहीतर आणखी एक शिवण उघडी पडते.

दुरुस्त पत्र असं होईल: ‘इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमासु. किनो, झुमेन नि त्सुइते मेरु ओ ओओकुरि शिमाशिता गा, गोरान इतादाकेमाशिता का. हेइशा बुचो नो जोशी मो, सुन्पो गा इक्काशो चिगाउ तो मोशिते ओरिमासु. वाताशि मो सो ओमोइमासु. सेन्जित्सु सातो-सामा गा ओश्शात्ता कोसा देवा, काको गा मुझुकाशी देसु. गो-काकुनिन इतादाकेमासु तो साइवाइ देसु. योरोशिकु ओनेगाइ इताशिमासु.’

इथे दोन गोष्टी लक्षात याव्यात. शेवटून दुसऱ्या ओळीतलं ‘साइवाइ नि झोन्जिमासु’ खाली उतरून ‘साइवाइ देसु’ झालं. ते चूक नव्हतं, पण मधल्या ओळी ज्या पातळीवर आल्या तिच्याशी जुळत नव्हतं. म्हणजे दुरुस्ती करताना खालचं वर आणलं आणि वरचंही थोडं खाली घेतलं. दुसरी गोष्ट अशी की ‘वाताशि मो सो ओमोइमासु’ या ओळीत कर्त्याच्या मानापमानाचं एकही रूप नाही, नुसतं ‘मासु’ आहे, आणि तेवढं पुरेसं आहे. दुरुस्तीचा क्रमही यातूनच निघतो. आधी पत्रातली फक्त वाक्यांती रूपं वाचत खाली जा आणि ती सगळी ‘देसु-मासु’ करा. मग प्रत्येक कृती कुणाची ते विचारा आणि ज्या कृती सातोंच्या किंवा आपल्या लोकांच्या आहेत तेवढ्यांचीच दिशा तपासा. त्यानंतर हात आवरा.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. जपानी माणसं स्वतः तरी कुठे एक पातळी धरून बोलतात? ते खरं आहे. शोको इकुता यांनी १९८३ साली आणि सेन्को मेनार्ड यांनी १९९१ साली दाखवून दिलं आहे की संभाषणात ‘मासु’ आणि साधं रूप यांची सरमिसळ सतत होते आणि ती अर्थपूर्ण असते. मुख्य मुद्दा ‘मासु’त आणि त्याला जोडलेला तपशील साध्या रूपात येतो, आश्चर्य, आठवण, स्वतःशी पुटपुटणं साध्या रूपात येतं, जवळीक दाखवायची असेल तेव्हा बोलणारा क्षणभर खाली उतरतो आणि पुन्हा वर जातो. म्हणून ‘दोन्ही मिसळणं निषिद्ध’ असा शाळकरी नियम भाषेचं खरं चित्र नाही, हे मी मान्य करतो.

पण या उतरण्याला दोन अटी असतात. पहिली म्हणजे ऐकणाऱ्याला तो उतार मुद्दाम घेतलेला आहे हे कळलं पाहिजे. समोरासमोर आवाज, चेहरा, हसू ते सांगतात. ईमेलमध्ये यांतलं काहीच नसतं, आणि ज्याच्या पत्रात इतर तीन रूपं चुकलेली आहेत त्याचा चौथा उतार हेतुपूर्वक आहे असं कोण मानेल? दुसरी अट अधिकाराची. खाली उतरण्याचा मान आधी ग्राहकाचा, वरिष्ठाचा असतो. पुरवठादारानं पहिल्याच पत्रात तो घेतला तर जवळीक निर्माण होत नाही, आगाऊपणा दिसतो.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. ही सगळी उतरंडीची भाषा. आपण परक्यांनी ती निमूट का शिरावर घ्यावी? याचं उत्तर जपानमधूनच मिळतं. युद्धानंतर, १९५२ साली, जपानच्या राष्ट्रीय भाषा परिषदेनं ‘यापुढची केइगो’ या आशयाच्या शीर्षकाचा एक दस्तऐवज शासनाला सादर केला. जुनी केइगो वर-खालच्या नात्यावर उभी होती, यापुढची ती परस्परांच्या सन्मानावर उभी असावी, असं त्यात म्हटलं आहे. त्यासाठी संभाषणाचा पाया ‘देसु-मासु’ हा असावा, अशी शिफारसही केली आहे. ‘मुझुकाशी देसु’सारखी, विशेषणाला सरळ ‘देसु’ जोडणारी रूपं तोवर वादग्रस्त होती. साधी आणि सुबोध म्हणून त्यांना याच दस्तऐवजानं मान्यता दिली. २००७ सालच्या शासकीय मार्गदर्शिकेनं केइगोचे तीनाऐवजी पाच प्रकार मांडले, पण परस्पर सन्मानाची भूमिका कायम ठेवली. ‘देसु-मासु’ आणि केइगोची बाकी आरास यांतला फरक इथे दिसतो. अध्यक्ष शिपायाला आणि शिपाई अध्यक्षांना ‘देसु-मासु’त बोलू शकतात. मान देणारी आणि स्वतःला खाली आणणारी क्रियापदं तशी दोन्हींकडून सारखी वापरता येत नाहीत. ज्याला उतरंड खुपते त्यानं तर ‘मासु’ची बाजू आणखी जोरानं घ्यायला हवी.

केइगो वाढवत नेणाऱ्याची गत काय होते, हेही त्याच मार्गदर्शिकेत पाहता येतं. ‘-सासेते इतादाकु’, म्हणजे ‘आपल्या अनुमतीनं करतो’, हे रूप आज जपानमध्ये इतकं पसरलं आहे की तिथलेच लोक त्याला कंटाळले आहेत. समोरच्याची परवानगी घेऊन केलेली कृती आणि त्यातून आपल्याला झालेला लाभ किंवा तशी भावना, या दोन गोष्टी असतील तिथे ते मुळात शोभतं, असं मार्गदर्शिका सांगते. आमच्या इंजिनिअरनं ‘ओकुरासेते इतादाकिमाशिता’ असं लिहिलं असतं तर? मेल पाठवायला त्यानं सातोंची परवानगी कधी मागितली होती? ‘मासु’चा इतिहासही हेच सांगतो. ते ‘माइरासु’ या ‘नम्रपणे अर्पण करणं’ अशा अर्थाच्या क्रियापदापासून झिजत झिजत आलं. नम्रतेची रूपं वापरून गुळगुळीत होतात, मग त्यांच्या जागी आणखी नम्र रूपं आणावी लागतात. या शर्यतीत परक्या माणसानं उतरायचं काही कारण नाही.

प्रश्न राहतो तो सातोंच्या उत्तराचा. समजा, दोन महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर त्यांच्याकडून एवढंच आलं: ‘र्योकाइ. तासुकारु.’ म्हणजे ‘समजलं. मदत झाली.’ दोन्ही साधी रूपं. नवखा माणूस दोन टोकांपैकी एका टोकाला जातो: आपणही ‘र्योकाइ’ लिहितो, किंवा घाबरून आणखी तीन ‘इतादाकु’ जोडतो. सातोंनी जवळीक दिली आहे, पण समान रूपात परतफेड मागितलेली नाही. ती मोजून परत करायची असेल तर शेवट तसेच ठेवून बाकीचं हलकं करता येतं. सुरुवातीच्या ठरीव ओळीतलं ‘नात्ते ओरिमासु’ नुसतं ‘नारिमासु’ होऊ शकतं, ‘साइवाइ देसु’ गाळून थेट ‘गो-काकुनिन ओनेगाइ शिमासु’ लिहिता येतं, आणि एखाद्या वाक्याला ‘ने’ लावून ‘मुझुकाशी देसु ने’ असं दोघांनी मिळून पाहिल्यासारखं म्हणता येतं. ‘देसु’ मात्र जागेवर राहतं.